संध्याकाळी पाचची भूक

"तीन आठवडे रोज ८०० कॅलरी कमी खातोय, संध्याकाळी पाचला भूक असह्य होते. सोडून देऊ का?"

सोडू नका, तूट निम्मी करा. आहार घटताच लेप्टिन हे तृप्तीचे संप्रेरक चरबी घटण्याच्या मानाने फार वेगाने उतरते, आणि जठरातून स्रवणारे, भूक चाळवणारे घ्रेलिन नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी चढते. त्यामुळे पाचच्या भुकेत चहा-बिस्किटांच्या जुन्या सवयीचाही वाटा असू शकतो. मलाही हा त्रास होता. दुपारची एक पोळी कमी करून पाच वाजता वाटीभर मटकीची उसळ आणि पेलाभर ताक घेऊ लागलो, तेव्हा रात्रीच्या जेवणापर्यंत सहज निभावू लागले. भुकेने रात्री झोप मोडत असेल, तर मात्र तूट अजूनही जास्त आहे असे समजावे.