विहीरवार निकाल चावडीवर लावावेत का?

«मंगळवेढ्याजवळच्या गावात विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट तपासलं. ग्रामसभेचा ठराव आहे. आता मालकांच्या नावांसह यादी चावडीवर लावली तर चालेल ना?»

नका लावू. ठराव म्हणजे गावात काम करायची परवानगी. प्रत्येक मालकाची संमती वेगळीच घ्यावी लागते. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. यादी लागली की लोक पाण्याआधी नावं वाचतात. टँकरला पाणी विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं, आणि पुढच्या वेळी तो नमुनाच देत नाही.

आधी घरोघरी चिठ्ठी द्या आणि ती वाचून दाखवा. समजा 72 आलंय, तर असं लिहा: «तुमच्या विहिरीत लिटरला 72 मिलिग्रॅम नायट्रेट, पिण्यासाठी मर्यादा 45. उकळून ते कमी होत नाही, पाणी आटल्यावर उलट वाढतं. सहा महिन्यांखालच्या बाळाची दूध पावडर या पाण्यात कालवू नका.» नमुन्याची तारीख टाकाच, पावसाळ्यानंतर आकडा बदलू शकतो. विहीर सामाईक असेल तर चिठ्ठी सगळ्या हिस्सेदारांना द्या, नाहीतर थोरल्या भावाकडे कागद अडकतो आणि पाणी भरणाऱ्या बाईला पत्ताच नसतो.

मग ग्रामसभेत नुसती बेरीज सांगा: इतक्या विहिरींपैकी इतक्या मर्यादेबाहेर. वस्तीवार फोड करताना जपून. वस्तीवर दोनच विहिरी असतील तर नाव न घेताही मालक कळतो. ती वस्ती शेजारच्या वस्तीत मिळवा. नाव छापायचंच असेल तर त्यासाठी वेगळी सही घ्या. अंगठा असेल तर साक्षीदार तुमच्या चमूबाहेरचा हवा.

सार्वजनिक आड आणि हातपंप यांना हे लागू नाही. त्यांचा निकाल त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवा, फलकही तिथेच लावा.