पाणी की वेणी?

वृषाली (ए-३०२), सकाळी ७:५२
सेक्रेटरी साहेब, तिसऱ्यांदा विचारतेय. टाकी शेवटची कधी धुतली? इराच्या कपाळाच्या दोन्ही कडांचे केस विरळ झालेत. आज वेणी घालताना बघितलं, कानाच्या वर केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या आल्यात, दोन-तीन पुटकुळ्यांत पू आहे. हात लावला की पोर कळवळते. नऊ वर्षांची आहे हो ती.

जोशी काका (बी-१०१)
पाण्याचा टीडीएस तपासा. गणपतीपासून सांगतोय.

देशमुख, सेक्रेटरी (सी-२०१)
टाकी १४ तारखेला धुतली. फोटो ग्रुपवर टाकले होते, तेव्हा एकानेही साधा अंगठा दिला नाही. आता मात्र सगळ्यांना टाकी आठवते.

सुनीता काकू (बी-३०३)
वृषाली, चाई असेल गं. कांद्याचा रस चोळ. माझ्या भाच्याला लसणाने गुण आला होता.

हर्षदा (सी-४०१)
माझेपण डेंग्यूनंतर पुंजकेच्या पुंजके जात होते. रक्त तपास, लोह कमी असेल.

मंदार (ए-१०२)
माझे तर सगळेच गेले. मेंटेनन्समध्ये काही सूट? 😄

वृषाली (ए-३०२)
मंदारदादा, प्लीज. काल रात्रभर झोप नाही मला.

मंदार (ए-१०२)
सॉरी वहिनी. चुकलंच.

वृषाली (ए-३०२)
आणि केसांवर पांढरं पांढरं पण दिसतंय. शाळेत बाईंनी लिखा आहेत म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं. दोनदा उवांचं औषध लावलं, जात नाही.

जोशी काका (बी-१०१)
क्षाराचा थर आहे तो. टीडीएस तपासा.

डॉ. मेधा (बी-४०४), दुपारी १:४०
ओपीडी आटोपली, आत्ता वाचलं. वृषाली, आधी कांदा-लसूण लावू नकोस. पुटकुळ्यांवर तो रस गेला तर कातडी भाजेल. ते पांढरं दोन बोटांच्या चिमटीत धरून केसावरून खाली ओढ. सरकतं का?

वृषाली (ए-३०२)
हो! मण्यासारखं सरकलं. निघालं पण.

डॉ. मेधा (बी-४०४)
मग ती लीख नाही. लीख केसाला चिकटलेली असते, नखाने खरवडावी लागते. हे केसाभोवती नळीसारखं बसलेलं कातडीचं आवरण आहे. केस मुळापासून सतत ओढला जात असला की असं दिसतं. केस कसे बांधतेस, दिवसभराचं सांग.

वृषाली (ए-३०२)
साडेसहाला शाळेसाठी दोन वेण्या, वर दुमडून रिबिनी. एक बट सुटली तरी डायरीत शेरा येतो, म्हणून ओल्या केसांवरच घट्ट घालते. मंगळवार, गुरुवार, शनिवार भरतनाट्यम, तेव्हा गंगावन लावून अंबाडा. आणि रात्री आई वेणी घालून देतात, केस लांब होतात म्हणून.

कुसुमताई (ए-३०२)
आमच्या वेळी याहून घट्ट असायच्या. तेल लावून चापून चोपून. कुणाला काही झालं नाही.

वृषाली (ए-३०२)
आई, मी तुम्हाला काही म्हटलं का?

पाटील सर (सी-१०३)
शाळेला दोष देण्याआधी एवढंच सांगतो, मोकळे केस घेऊन मुली वर्गात बसल्या की काय होतं ते आम्हाला माहीत. शिस्त हवीच.

हर्षदा (सी-४०१)
सर, शिस्त वेणीची आहे की किती ओढायची त्याची?

डॉ. मेधा (बी-४०४)
थांबा जरा. वृषाली, संध्याकाळी इराला घेऊन वर ये. तोवर केस मोकळे ठेव.

जोशी काका (बी-१०१)
टीडीएसचं मशीन माझ्याकडे आहे. कुणी येणार असेल तर सांगा.

डॉ. मेधा (बी-४०४), रात्री ८:१५
वृषालीला विचारूनच इथे लिहितेय, कारण गैरसमज बरेच झालेत. इराचे केस ओढल्यामुळे गेलेत. पाण्याने केस राठ होतात, पण पाणी फक्त कानाच्या वरचे केस निवडून काढत नाही. विरळपणा नेमका ताणाच्या ओळीत आहे, कपाळाची कड आणि कानाच्या पुढची जागा. मागे डोकं दाट आहे, भांग रुंद झालेला नाही. हर्षदा, तुझे डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी गेले असतील, तेही डोकंभर. पुटकुळ्या नव्हत्या आणि नंतर आपोआप आले.

हर्षदा (सी-४०१)
अगदी तसंच.

डॉ. मेधा (बी-४०४)
सुनीताताई, चाईत गोल, गुळगुळीत चकती पडते. तशी इथे नाही. मुलांत डोक्याचा नायटाही असतो, म्हणून तोही पाहिला. त्यात खवले येतात, केस मुळाशीच तुटतात, आणि गोळ्याच लागतात, नुसत्या मलमाने जात नाही. इराला ते नाही. उलट तिच्या विरळ जागेच्या पुढे, अगदी कडेला, आखूड बारीक केसांची झालर शिल्लक आहे. ते इतके आखूड असतात की वेणीत सापडतच नाहीत, म्हणून वाचतात. ताणाने केस गेल्याची ही चांगली खूण.

वृषाली (ए-३०२)
येतील ना परत?

डॉ. मेधा (बी-४०४)
आत्ता थांबवलंस तर येतील. पुटकुळ्या दोन-तीन आठवड्यांत बसतील, मलम लिहून दिलंय, तेवढेच दिवस लाव. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे कड भरलेली दिसायला सहा महिने धर. वेणी मानेजवळून सैल, केस वाळल्यावर. बांधल्यावर दुखलं, भुवया वर ओढल्या गेल्या, की सोडायची. रात्री काही नाही. गंगावन फक्त कार्यक्रमाच्या दिवशी. हेच वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळांच्या जागी व्रण होतो, मग कुठल्याही तेलाने काही उगवत नाही. शाळेसाठी चिठ्ठी दिली आहे.

पाटील सर (सी-१०३)
चिठ्ठी असेल तर कुठलीच शाळा अडवणार नाही. माझ्या ओळखीच्या बाई आहेत तिथे, मी उद्या बोलतो. आणि लिखांचंही सांगतो त्यांना.

वृषाली (ए-३०२)
थँक्यू सर. देशमुख काका, टाकीवरून बोलले, माफ करा.

देशमुख, सेक्रेटरी (सी-२०१)
ठीक आहे ताई. पोरगी आधी.

कुसुमताई (ए-३०२), रात्री ९:३०
मेधा, मघाशी मी बोलले ते राहून गेलं मनात. लग्नाच्या फोटोत माझं कपाळ एवढं मोठं नव्हतं. जन्मभर अंबाडा घातला. म्हणजे माझेही वेणीनेच गेले का गं?

डॉ. मेधा (बी-४०४)
कुसुमताई, कडेला इरासारखी बारीक केसांची झालर आहे का?

कुसुमताई (ए-३०२)
आरशात पाहिलं. नाही. कातडी तुळतुळीत आहे. पुढे मध्येच एकदोन एकटे केस.

डॉ. मेधा (बी-४०४)
आणि भुवया?

कुसुमताई (ए-३०२)
गेल्या पाच-सहा वर्षांत जवळजवळ गेल्याच. पेन्सिल लावते.

डॉ. मेधा (बी-४०४)
मग सगळा दोष अंबाड्यावर टाकू नका. भुवया कुणी वेणीत घालत नाही. पाळी गेल्यानंतर काही बायकांत आतून सूज येऊन कपाळाची कड मागे मागे सरकते, तसं हे वाटतंय. गेलेले केस परत आणणं अवघड, पण पुढे सरकणं औषधांनी बरंच थोपवता येतं. वयामुळे आहे म्हणून सोडून देऊ नका. उद्या अकराला दवाखान्यात या, नीट बघते, लागलं तर कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवू.

वृषाली (ए-३०२)
आई, मी सुट्टी टाकते. दोघी जाऊ.

कुसुमताई (ए-३०२)
ये. आणि इराची वेणी सोडलीये मी. झोपली मोकळ्या केसांनी.

जोशी काका (बी-१०१)
टीडीएस ४२०. आत्ताच मोजला.