मदत हवी आहे: आजीच्या गाण्यामागचा कूलरचा आवाज काढायचा आहे

टिपरी_नागपूर
माझ्याकडे आजीच्या भुलाबाईच्या गाण्याचं रेकॉर्डिंग आहे. मागे कूलर सुरू आहे. दोन दिवसांपासून ऑडॅसिटीत साफ करून राहिली आहे. Noise Reduction तीनदा लावलं. कूलर गेला, पण आजी पाण्याखालून गाते आहे असं वाटतं आणि मागे बारीक टिणटिण ऐकू येते. दुसऱ्या कडव्यात ती 'शेला' म्हणते, ते आता 'एला' ऐकू येतं. परवा कोजागिरी आहे, सगळ्या मावस-मामेबहिणी येणार आहेत, तेव्हा स्पीकरवर लावायचं आहे. कोणतं सेटिंग ठेवू तेवढंच सांगा.

सोपं_काम
इक्वलायझर उघड आणि १००० हर्ट्झच्या खालचं सगळं उडवून टाक. कूलरची घरघर खालच्या सुरात असते, ती जाईल. पाच मिनिटांचं काम आहे.

ध्वनीवेडा
१००० च्या खालचं उडवलंस तर आजीच जाईल. म्हाताऱ्या बाईचा आवाज साधारण दोनशेच्या आसपास सुरू होतो, गळ्याचा भरदारपणा सगळा त्या पट्ट्यात असतो. टेलिफोनवर बोलल्यासारखं होईल. मोटरची घरघर काढायला High-Pass Filter १०० वर ठेवलं तरी पुरे.

टिपरी, आधी हे सांग: रेकॉर्डिंग कशावर केलं, कुणी केलं, फाईल कोणती, ती तुझ्यापर्यंत कशी आली? आणि 'तीनदा लावलं' म्हणजे डेसिबलचा आकडा किती ठेवला होतास?

टिपरी_नागपूर
मोबाईलवर. एमपी३ आहे. आकडा ३० ठेवला होता, बाकीचं जसं होतं तसं.

मानेवाड्याची_काकू
बेटा, कूलरचा आवाज होतो तो बहुतेक पंपाचा. टाकी भरलेली ठेवायची, पंप पूर्ण बुडालेला असला की गुरगुरत नाही. आणि खाली लाकडाऐवजी रबराचे तुकडे ठेव, आमच्याकडे खिडकीची जाळी थरथरायची ती बंद झाली. गाणं रेकॉर्ड करताना पंप बंद करून नुसता पंखा ठेवायचा. आता ऑक्टोबर आहे, कूलर लागतही नसेल. आजीला पुन्हा गायला सांग ना, पाच मिनिटांत होईल.

टिपरी_नागपूर
काकू, हे मागच्या मे महिन्यातलं आहे. श्रावणात आजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात उचलत नाही. बोलताना शब्द सापडत नाहीत, पाणी हवं असलं तरी दुसरंच काहीतरी म्हणते आणि मग रडते. हे गाणं फक्त तिलाच येतं. तिच्या आईचं आहे, काटोलकडचं. आईला अर्धं कडवं येतं, मावशीला तेवढंही नाही.

मानेवाड्याची_काकू
माफ कर गं पोरी. मला माहीत नव्हतं.

ध्वनीवेडा
मग घाई करू नकोस. आहे ती फाईल बाजूला ठेव, तिला हात लावू नकोस. 'मोबाईलवर एमपी३' हे पटत नाही. फोनचे रेकॉर्डर सहसा एमपी३ बनवत नाहीत. मधे काहीतरी झालं आहे.

टिपरी_नागपूर
आईने व्हिडिओ काढला होता, व्हॉट्सॲपवर मला पाठवला. मी एका ॲपने त्याचा एमपी३ केला. त्याने काय फरक पडतो? आवाज तर तोच आहे ना?

ध्वनीवेडा
तोच नाही, तिथेच सगळं अडलं आहे. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना दाबून लहान करतं. मग तुझ्या ॲपने एमपी३ करताना पुन्हा दाबलं. दाबताना पहिले बारीक, सळसळणारे आवाज जातात. 'स', 'श', 'च' हे सगळे त्या बारीक आवाजांतच येतात आणि कूलरच्या पाण्याची सरसरही तिथेच असते. मग तू त्यावर ३० चा आकडा तीन वेळा फिरवलास. सॉफ्टवेअरला 'श' आणि पाणी वेगळं कळत नाही, दोन्ही गेलं. म्हणून 'शेला'चा 'एला' झाला. टिणटिण म्हणजे कापून उरलेले आवाजाचे सुटे तुकडे आहेत.

आईच्या फोनमध्ये मूळ व्हिडिओ आहे का बघ. असला तर वायरने घे, नाहीतर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग, तसा पाठवला की तो दाबला जात नाही. लॅपटॉपवर एफएफएमपेग असेल तर आवाज असा काढ:

```
ffmpeg -i aaji.mp4 -vn -c:a pcm_s16le aaji.wav
```

पुणेरी_भोंडला
मला वाटतं हे भोंडल्याचं गाणं असावं. नवरात्रात हत्तीभोवती फेर धरून म्हणतात ती. काही ठिकाणी त्यालाच हादगा म्हणतात. शब्द पाठव, माझ्या आईच्या वहीत नक्की सापडेल.

वर्धेकर
भोंडला नाही हो. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते, महिनाभर. हत्ती नसतो, शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती असतात, भुलोजी आणि भुलाबाई. मुली टिपऱ्या वाजवत घरोघर जातात. काही गाणी दोन्हीकडे सापडतात हे खरं.

टिपरी, एक विषयाबाहेरचं सांगतो, राग मानू नकोस. माझ्या वडिलांना असाच झटका आला होता. 'चहा' म्हणता यायचं नाही, पण काकड्याचे अभंग लावले की शब्दासकट गायचे. आमच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं, बोलणं अडतं पण पाठ असलेलं गाणं निघतं. तुझ्या आजीचं तसं होईलच असं नाही. पण तिला ऐकवून बघितलंस का?

टिपरी_नागपूर
नाही ऐकवलं. आधी साफ करून मगच ऐकवायचं होतं.

मूळ व्हिडिओ सापडला, साडेतीनशे एमबीचा. कमांड चालली. आता ऑडॅसिटीत एकाखाली एक दोन पट्ट्या दिसतात, एमपी३मध्ये एकच होती. आणि 'शेला' ऐकू येतो, कूलर असूनही! कोणती पट्टी ठेवू?

ध्वनीवेडा
छान. आईने फोन आडवा धरला असणार. फोनला वर आणि खाली असे दोन माइक असतात, आडवा धरला की एक डावीकडे, एक उजवीकडे. कूलर खिडकीत, म्हणजे एका बाजूला. ट्रॅकच्या मेनूमध्ये Split Stereo to Mono कर, एकेक पट्टी हेडफोन लावून ऐक. जिच्यात कूलर कमी आणि आजी जवळ वाटेल ती ठेव. एमपी३ करताना तुझ्या ॲपने दोन्ही एकत्र मिसळल्या होत्या, म्हणजे चांगल्या पट्टीत खराब पट्टी ओतली होती.

सोपं_काम
ठीक आहे, १००० जास्त झाले, मान्य. पण आता तरी Noise Reduction लावावंच लागेल. सगळ्यात मोठी शांत जागा निवडून नमुना घे, तेवढं बरोबर आहे ना?

ध्वनीवेडा
एरवी बरोबर. इथे नाही, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. टिपरी, पहिलं कडवं संपून दुसरं सुरू होईपर्यंत कूलरचा आवाज एकसारखा राहतो का?

टिपरी_नागपूर
नाही. आजी थांबली की आधी कमी असतो, मग वाढत जातो. मला वाटलं कूलरच तसा आहे. डावी पट्टी ठेवली, खूपच फरक आहे.

ध्वनीवेडा
कूलर तसा नाही, फोन तसा आहे. मोठा आवाज आला की फोन आपणहून माइक मंद करतो, शांत झालं की चढवतो. आजी गाते तेव्हा कूलर दबलेला असतो, थांबली की एक-दोन सेकंदांत वर येतो. मोठ्या शांत जागेतून नमुना घेतलास तर तो फुगलेल्या कूलरचा येतो. गाण्याखालचा कूलर त्यापेक्षा लहान आहे. सॉफ्टवेअर तिथेही मोठा कूलर समजून कापतं आणि आजीचा आवाज त्यात जातो.

म्हणून नमुना ओळ संपल्यावर लगेचचा घे. घुमणारी शेपटी सोड आणि कूलर फुगायच्या आतला तुकडा पकड. पाव सेकंद मिळाला तरी चालेल. तो निवडून Get Noise Profile. मग पूर्ण गाणं निवडून आकडा ३० नाही, ६ ठेव, आणि एकदाच लाव. लावण्याआधी त्याच खिडकीत Residue निवडून Preview ऐक. तिथे जे ऐकू येतं ते तू फेकून देणार आहेस. नुसती सरसर असेल तर ठीक. आजीचा एक जरी शब्द ओळखू आला तर आकडा कमी कर.

दोन कडव्यांमधला फुगलेला कूलर Envelope Tool ने हाताने खाली ओढ. पूर्ण गप्प करू नकोस, अचानक शांतता आली की पुढची ओळ अंगावर येते.

टिपरी_नागपूर
६ ला Residue मध्ये फक्त पाणी. ८ ला 'शे' ऐकू आला. म्हणून ६. कूलर अजून आहे पण लांब गेल्यासारखा.

चौथ्या कडव्यात कुकरची शिट्टी आहे, बरोबर एका शब्दावर. ती कशी काढू? आणि आजी प्रत्येक ओळीआधी जोरात श्वास घेते, तोही काढायचा का?

सोपं_काम
श्वास काढून टाक, स्पीकरवर फार मोठा वाटतो.

ध्वनीवेडा
शिट्टी निघणार नाही. शब्दावरच बसली आहे, काढली की शब्द जाईल. राहू दे. श्वास मी काढला नसता. पुढची ओळ कधी उचलायची हे ज्यांना सोबत म्हणायचं आहे त्यांना त्यावरूनच कळतं.

सोपं_काम
मग थोडा कमी तरी कर. माझं मत तेच आहे.

टिपरी_नागपूर
श्वास तसाच ठेवला.

काल रात्री आजीला ऐकवलं. हे साफ केलेलं, मोबाईलवरून, तिच्या उशीजवळ. पहिल्या कडव्याला ती नुसती बघत होती. दुसऱ्या कडव्याला डाव्या हाताने चादरीवर टिपरी धरल्यासारखं करायला लागली. तोंड हलत होतं, सूर येत होता, शब्द नाही. वर्धेकर काका, शब्द नाही आले.

पण मी 'शेला' मोठ्याने म्हटलं तेव्हा तिने मान हलवली. नाही म्हणून. मी परत लावलं, परत म्हटलं, परत नाही. आईला वाटतं 'शेळा' असेल, मावशी म्हणते 'शेवळा'. दोन्ही म्हणून बघितले, आजी नाहीच म्हणते. मूळ फाईल वीस वेळा ऐकली, मला अजूनही 'शेला'च ऐकू येतो. काटोल, नरखेडकडचं कुणी आहे का? भुलाबाईच्या माहेराहून काय आलं ते ती ओळीत सांगते आणि त्यातली दुसरी वस्तू हीच आहे.

मानेवाड्याची_काकू
माझी चुलत सासू नरखेडची आहे, ऐंशीच्या पुढची. तिला मोबाईल वापरता येत नाही. आज संध्याकाळी जाऊन ऐकवते, फाईल पाठव. कोणती पाठवू म्हणशील तर मूळचीच पाठव, कूलरसकट. तिला कूलरमध्ये ऐकायची सवय आहे.