'एकूण ४५ टक्के' म्हणजे कसलं एकूण?

खानापूरचा मामा: मंडळी, एका शब्दावरनं घरात दोन दिवस गोंधळ सुरू आहे. भाच्याचं सेकंड पीयूसी झालंय आणि त्याला मॅनेजमेंट सीटवर इंजिनिअरिंगला घालायचंय. कॉलेजचं माहितीपत्रक कन्नड आणि इंग्लिशमध्ये, सोबत मराठीत केलेला एक कागद. दाजींना मराठीच वाचता येतं. त्यात लिहिलंय "भौतिकशास्त्र, गणित व एक ऐच्छिक विषय यांसह बारावी उत्तीर्ण, एकूण किमान ४५ टक्के." भाच्याला ६०० पैकी ३७२, म्हणजे ६२ टक्के. दाजी म्हणायलेत झालं की, १७ टक्के जास्तीच हायत. मला मात्र ते "एकूण" बरोबर वाटंना. कन्नडमध्ये तिथं "ओट्टारे" आहे. हे "एकूण" नेमकं कशाचं?

अनगोळकर: एकूण म्हणजे टोटल, त्यात काय एवढं. मार्कशीटवर खाली असतंय तेच.

वडगावची मास्तरीण: नाही हो, तसं नाही. "ओट्टारे"चा अर्थ एकूण होतो हे खरं, पण त्या वाक्यात ते आधीच्या विषयांना लागतंय, सगळ्या मार्कशीटला नाही. इंग्लिशमध्ये बघा, "टेकन टुगेदर" किंवा "अॅग्रिगेट इन द अबोव्ह सब्जेक्ट्स" असं असणार. म्हणजे ते तीन विषय एकत्र धरून ३०० पैकी. भाषा विषय त्यात येतच नाहीत. मराठी कागद करणाऱ्यानं "वरील विषयांत मिळून" असं लिहिलं असतं तर हा घोळच झाला नसता. बारावीला बसलेली आमची पोरं दरवर्षी ह्याच शब्दापाशी अडतात, दोन भाषांत ८०-८५ मार्क असतात आणि त्यानं टक्का फुगतो. त्याचे विषयवार मार्क टाका.

खानापूरचा मामा: मराठी ८६, इंग्लिश ७८, फिजिक्स ४१, केमिस्ट्री ५२, मॅथ्स ३८, कॉम्प्युटर सायन्स ७७.

येळ्ळूर वाघ: मग गेला. मॅथ्स ३८ म्हणजे ४५ च्या खाली, प्रत्येक विषयात ४५ पाहिजे.

वडगावची मास्तरीण: वाघोबा, प्रत्येकात नाही, "एकत्र धरून" ह्याचा अर्थच तो. विषय पास असावा लागतो, मग बेरीज बघतात. आता हिशोब करा. फिजिक्स ४१, मॅथ्स ३८, केमिस्ट्री ५२, झाले १३१. ३०० पैकी ४३.६७, म्हणजे दाजींचा ६२ टक्केवाला पोरगा इथं पात्र नाही. पण थांबा, घाबरू नका. तुमच्याच कागदावर "एक ऐच्छिक विषय" लिहिलंय. फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे, तिसरा मात्र केमिस्ट्रीच पाहिजे असं नाही, इंजिनिअरिंगला बायोलॉजी, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर हेही चालतात. कॉम्प्युटरचे ७७ धरले तर ४१ अधिक ३८ अधिक ७७, १५६. म्हणजे ५२ टक्के. पात्र.

खानापूरचा मामा: अहो मॅडम, कालपासनं घरात जेवण गेलेलं नव्हतं ताईला. आत्ताच फोन करून सांगितलं. पण एक सांगा, "ऐच्छिक" म्हणजे तो विषय नाही घेतला तरी चालतंय असं दाजी समजलेत.

वडगावची मास्तरीण: तेही बरोबर आहे म्हणायचं, मराठीत ऐच्छिक म्हणजे आपल्या मर्जीवरचं. पण इथं मर्जी कुठला घ्यायचा ह्याची आहे, घ्यायचा की नाही ह्याची नव्हे. "पैकी कोणताही एक" असं लिहायला हवं होतं.

निपाणीची आई: माझ्या मुलीचं वेगळंच झालं होतं, विषयाला थोडं सोडून आहे पण सांगते. ती बेळगावला न जाता कोल्हापूरला गेली, तिथं आम्ही सीमाभागातले म्हणून अर्ज भरला, दहावी-बारावी सीमाभागातली आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागला. तो दाखला काढायलाच तलाठ्यापासून वरपर्यंत दहा हेलपाटे. तर विचारायचं हे की, हे ४५ टक्के तिकडंही असंच का?

वडगावची मास्तरीण: ४५ ची अट सारखीच आहे, आणि राखीव प्रवर्गाला ४० हेही. फरक एवढाच की "राखीव" म्हणजे कुठल्या राज्याच्या यादीतला. आपल्याकडं मराठा ३बी मध्ये येतो, ते कर्नाटकाच्या यादीप्रमाणं. मामा, तुमच्या भाच्याचं ३बी चं सर्टिफिकेट असेल आणि कॉलेजनं ते मानलं तर केमिस्ट्री धरूनही ४३.६७ चालायला हवेत. मॅनेजमेंट सीटला हे कॉलेज तसं धरतंय का, ते त्यांनाच विचारा.

खानापूरचा मामा: विचारतो. आता फीचं. कागदावर "शिकवणी शुल्क ६५,०००, इतर शुल्क १८,५००, अनामत ५,०००, वसतिगृह ऐच्छिक". दाजींनी शिकवणीपुढं पेन्सिलनं काट मारून ठेवलाय. म्हणे "आमच्या पोराला क्लास लावायचा नाही, तो आपला आपणच अभ्यास करतोय." आणि २३,५०० ची सोय करून बसलेत.

अनगोळकर: हाहाहा. बरोबरच आहे की त्यांचं, शिकवणी म्हणजे ट्युशन आणि ट्युशन म्हणजे क्लास. आम्ही सातवीला जायचो शहापुरात.

वडगावची मास्तरीण: हसू नका, चूक कागदाची आहे. कन्नडमध्ये तिथं "बोधना शुल्क" असणार, बोधना म्हणजे कॉलेजात शिकवणं, वर्गातलं. मराठी पुस्तिकांत त्याला "शिक्षण शुल्क" म्हणतात, "शिकवणी" कुणी म्हणत नाही. दाजींना सांगा, हीच मुख्य फी, ती टाळता येत नाही. पहिल्या वर्षाला ८८,५०० धरा, त्यातले ५,००० अनामत शेवटी परत मिळायचे, काही मोडलं-तोडलं नसेल तर. ही रक्कम एका वर्षाची का पूर्ण चार वर्षांची तेही बघा, "वार्षिक" हा शब्द असेल तर दरवर्षी.

निपाणीची आई: आमच्या वेळी हाच शब्द उपयोगी पडला. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत सवलत शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर मिळते, मी आपली सगळ्या पावतीच्या निम्मं धरून बसलेले. होस्टेल आणि इतर शुल्क सगळं आपल्याच खिशातनं गेलं.

येळ्ळूर वाघ: एक राहिलंच. मुदत काय लिहिलीय?

खानापूरचा मामा: "२० जुलैच्या आत शुल्क भरावे". आणि दाजी म्हणायलेत २० ला बँकेत जातो.

येळ्ळूर वाघ: "आत" म्हणजे २० यायच्या आधी. १९ ला संपलं.

वडगावची मास्तरीण: असंच काही नाही. कन्नडमध्ये "ओळगागि" असेल, त्याला लोक २० धरूनच बोलतात. आम्ही घरात "सोमवारच्या आत दे" म्हणतो तेव्हा सोमवारी दिलं तर चालतंय ना?

अनगोळकर: आमच्यात नाही चालत. सोमवारच्या आत म्हणजे रविवार रात्रीपर्यंत. "पर्यंत" म्हटलं तर तो दिवस धरून.

वडगावची मास्तरीण: बघा, इथंच दोन मतं. इंग्लिशमध्ये "ऑन ऑर बिफोर" असेल तर २० धरूनच, "बिफोर" एवढंच असेल तर १९. मामा, तो ओळीचा इंग्लिश मजकूर जसाच्या तसा टाका.

खानापूरचा मामा: "नॉट लेटर दॅन ट्वेंटिएथ जुलै, फोर पीएम".

वडगावची मास्तरीण: म्हणजे २० चालतंय, पण चार वाजेपर्यंत. मराठीतनं चार वाजले गायबच. आणि पैसे भरून पावती त्यांच्याकडं पोचायला पाहिजे का नुसतं बँकेत भरलं की झालं, तेही विचारा, "भरावे" म्हटलं की ते कळत नाही.

खानापूरचा मामा: ऑफिसात फोन लावला. पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी नेऊन द्यायची म्हणाले, ३बी चं मात्र "साहेब आले की सांगतो." दाजींना सांगितलंय १८ ला निघायचं. ते विचारायलेत मग त्यांनी आत लिहिलंच कशाला.