मदत हवी आहे: दुकानात ब्रँडेड मसालाच विकत राहू की स्वतःच्या नावाचं पाकीट काढू?

वाईकर_किराणा
नमस्कार मंडळी, वाईला आमचं किराणा दुकान आहे, सासऱ्यांच्या काळापासूनचं. कांदा लसूण मसाला आमच्याकडे चांगला जातो, ब्रँडेड २०० ग्रॅमचं पाकीट मला ८८ ला पडतं, १०० ला विकते, म्हणजे पाकिटामागे १२ रुपये. आठवड्याला सरासरी ४० पाकिटं जातात. आता कोल्हापूर साईडचा एक मसालेवाला म्हणतोय तुमच्या नावाने करून देतो, किलोला ३८० पण कमीत कमी २०० किलो घ्यावा लागेल. पाऊच स्टिकर पॅकिंग धरून पाकीट ८४ ला पडतंय आणि १२० ला विकलं तरी लोक घेतील असं वाटतं (चव खरंच भारी आहे, घरी महिनाभर वापरलाय). १२ च्या जागी ३६ म्हणजे तिप्पट! मिस्टर म्हणतात अडकशील. कोणी केलंय का असं? खरं खरं सांगा.

नफा_तोटा
ताई यात विचार काय करायचा, ब्रँडेडमध्ये आपण फक्त हमाल. कंपनी भाव वाढवणार, स्कीम बंद करणार, शेजारचा दुकानदार २ रुपये कमी करणार की आपलं मार्जिन गेलं. स्वतःचं नाव असलं की भाव आपला. आणि दुकानाचा एफएसएसएआय नंबर आहेच ना तुमच्याकडे, तोच छापा पाकिटावर आणि करा सुरू.

डंकणवाली
मी यंदा मे महिन्यात ६० किलो मिरची कांडून दिली लोकांना, बेडगी आणि संकेश्वरी मिक्स. सुटा मसाला विकायचा असेल तर ताई बरणी काचेचीच ठेवा, प्लॅस्टिकला वास धरतो.

वाईकर_किराणा
अहो सुटा नाही, पाकीट. पण बरणीचं लक्षात ठेवते 🙂

मिरचीवाला_जुना
मी १४ वर्षं मसाल्यात आहे, दुसऱ्यांना त्यांच्या नावाने माल करून देतो त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. ताई तुमचा ३६ आकडा बरोबर आहे पण तुम्ही तो एका पाकिटाचा बघताय, लॉटचा बघा. २०० किलो म्हणजे १००० पाकिटं, ८४ ने ८४,००० रुपये एकदम गेले. ते नुसते परत यायला १२० ने ७०० पाकिटं विकली पाहिजेत, नफा त्याच्या पुढच्या ३०० वर. आता कांदा लसूण मसाल्यात तेलात तळलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ असतं, हा काही नुसती मिरची पूड नाही. लेबलवर सहा महिने लिहिलं तरी साध्या पाऊचमध्ये चार महिन्यांनंतर खोबऱ्याचा खवट वास यायला लागतो, पाकीट फोडलं की वरच्या थराला आधी कळतं, रंगही विटकरी होतो. म्हणजे तुमच्या हातात धरा १७ आठवडे. ७०० भागिले १७, आठवड्याला ४१ पाकिटं. तुमची सगळी विक्रीच ४० आहे. म्हणजे ब्रँडेड घेणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे वळलं तरच मुद्दल कसंबसं निघतं, आणि तसं कुणाचंच होत नाही. सुरुवातीला दर चार गिऱ्हाइकांत एक घेतं माझ्या बघण्यात, ते पण तुम्ही स्वतः हातात दिलं तर.

अजून एक, तुमचं पाकीट गेलं की ब्रँडेडचं एक कमी जाणार. त्याचे १२ गेले. म्हणजे खरा फायदा ३६ नाही, २४. नवीन गिऱ्हाईक आलं तरच ३६.

वाईकर_किराणा
बाप रे हे १२ वजा करायचं डोक्यातच नव्हतं आलं. आणि ब्रँडेडचा सेल्समन दर आठवड्याला येतो, आठवड्याची उधारी असते, एक्सपायरी झाली तर बदलून पण देतो. इथे तसं काही नाही ना?

मिरचीवाला_जुना
नाही, तेच तर. ब्रँडेडमध्ये तुमचे पैसे फार तर आठवडाभर अडकतात, ते पण दुसऱ्याच्या उधारीवर. इथे माल उतरला की राहिलेलं पाकीट तुमचं. आणि वर दुकानाचा नंबर छापा म्हणालेत त्यांना सांगतो, भावाचं तुमचं म्हणणं मान्य पण नंबरचं एवढं सोपं नाही. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव पत्ता आणि त्याचा परवाना नंबर लागतो, सोबत तुमचं नाव. तुमच्या परवान्यात किरकोळ विक्री असेल तर स्वतःच्या लेबलचा प्रकार त्यात जोडून घ्यायला लागतो. शिवाय वजन, एमआरपी, महिना-वर्ष, ग्राम किंवा किलोमागचा भाव, तक्रारीचा फोन हे वजनमापवाले बघतात. उद्या नमुना फेल गेला तर ब्रँडेडच्या वेळी तुम्ही सीलबंद पाकीट आणि पक्कं बिल दाखवू शकता, स्वतःच्या पाकिटावर पहिली नोटीस तुमच्याच नावाने येते.

नफा_तोटा
ठीक आहे नंबरचं माझं चुकलं. पण मग कायम १२ रुपयांवरच बसायचं का?

ऑनलाइनवाला_पुणे
माझा अनुभव वेगळा आहे, मी ट्रिमर आणि इअरफोन ऑनलाइन विकायचो ब्रँडेड, एकाच पेजवर वीस सेलर, जो ५० पैसे कमी करेल त्याला ऑर्डर. मग एक दिवस कंपनीची तक्रार आली की तुम्ही अधिकृत नाही, बिलं दिली तरी लिस्टिंग बंद आणि ७० पीस घरात. नंतर स्वतःच्या नावाने मोबाइल स्टँड काढले, पहिल्या लॉटमध्ये जाहिरातीतच सगळं मार्जिन गेलं पण जे रिव्ह्यू आले ते माझ्या नावाला चिकटले, दुसरा लॉट जवळजवळ जाहिरातीशिवाय गेला. ब्रँडेडला दोन वर्षं चांगली सर्व्हिस दिली त्याचे रिव्ह्यू कंपनीच्या खात्यात गेले. तेवढा फरक मला पुरला.

मिरचीवाला_जुना
दादा स्टँड खवट होत नाहीत 😄 पण नावाचं तुमचं म्हणणं पटतं. ताई, त्याला ३० किलोचा लॉट मागा. तो भाव वाढवणार, धरा किलोला ४६०, मसाला ९२ आणि कोरा पाऊच स्टिकर १०, पाकीट १०२. १५० पाकिटांचे १५,३०० गुंतले, १२८ विकली की सुटलात, आठवड्याला आठ. मार्जिन १८, ब्रँडेडचे १२ वजा करून हातात ६ राहतात, म्हणजे पैसे काही मिळणार नाहीत. पण कोण दुसऱ्यांदा मागायला येतं हे कळतं. वहीत लिहून ठेवा नावानिशी. पहिलं पाकीट लोक तुमच्या शब्दावर घेतात, त्यावरून काहीच ठरवू नका. छापील पाऊच आत्ता अजिबात नको, त्याला रंगागणिक छपाईचे सिलिंडर लागतात आणि रोल घ्यावा लागतो.

वाईकर_किराणा
विचारलं त्याला आत्ताच फोन करून. ३० नाही म्हणाला, ५० किलोला ४४० ने देतो. म्हणजे ८८ आणि १०, ९८ ला पडेल, २५० पाकिटं, साडेचोवीस हजार. २०५ विकली की मुद्दल, आठवड्याला १२. हे जमेल असं वाटतंय, मिस्टरांनी पण मान हलवली. पण एक सांगा, हाच मसाला तो साताऱ्यात दुसऱ्या कुणाच्या नावाने देणार नाही कशावरून?

मिरचीवाला_जुना
देणारच. मी पण देतो, एकाच घाण्यातला माल तीन नावांनी जातो. ५० किलोवाल्यासाठी कोणी वेगळा फॉर्म्युला धरून ठेवत नाही. लेखी घेतलं तरी तुम्ही सिद्ध कसं करणार. आमच्यातले काही जण मिरचीचं मिश्रण गिऱ्हाइकाकडून घेतात, मिरची तुम्ही आणून द्यायची आणि त्याने फक्त भाजून कुटायचं, पण मग मिरचीच्या भावाची रिस्क तुमच्यावर.

डंकणवाली
म्हणून तर मी बरणी म्हणत होते ताई. मिरची तुमची, खोबरं तुमचं, वाईतच कुणाकडून तरी कांडून घ्या, दर महिन्याला ताजा.

मिरचीवाला_जुना
मावशींचं चवीपुरतं बरोबर आहे, पण ज्यांच्याकडे कांडून पाकिटात भरून विकणार त्यांचा परवाना आहे का ते आधी बघा. आणि कुठूनही घ्या, प्रत्येक लॉटचं एक पाकीट तारीख टाकून फडताळात बंद ठेवा. तक्रार आली की तेच फोडून वास घ्यायचा.

वाईकर_किराणा
ठेवते. परवान्याचं आमच्या गल्लीतल्या काकूंना विचारून इथेच सांगते, त्यांच्याकडे बहुतेक नसणार.