‘प्लॅनर’ पेप्टाइड बंध: सपाट, प्रतलीय की ताठ?

मृण्मयी: बारावीच्या मुलांसाठी प्रथिनांवर लिहितेय. अमिनो आम्लांना जोडणारा ‘पेप्टाइड बंध प्लॅनर असतो’, याला ‘सपाट बंध’ म्हणू का? मुलं विचारणार, दोन अणूंमधला बंध म्हणजे एक रेघ, ती सपाट कशी?

गोट्या: C आणि N मध्ये दुहेरी बंध असतो, म्हणून तो फिरत नाही. सरळ ‘ताठ बंध’ लिहा.

जुना खडू: पूर्ण दुहेरी नाही हो. नायट्रोजनवरची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी शेजारच्या C=O कडे ओढली जाते, त्यामुळे C–N ला थोडं दुहेरीपण येतं. एकेरी C–N ची लांबी साधारण 1.47 आँगस्ट्रॉम, दुहेरीची 1.27 च्या आसपास. हा मधेच, 1.33. पण जोडी अशी वाटली जायची तर नायट्रोजनचे तिन्ही बंध कार्बनच्या बंधांच्याच पातळीत हवेत. बंध पिळला की ही वाटणी तुटते, म्हणून तो पिळायला जड. तेव्हा सपाट असतो तो गट: C, O, N, H आणि दोन बाजूंचे अल्फा-कार्बन, म्हणजे दोन्हीकडच्या अमिनो आम्लांचे मधले कार्बन, असे सहा अणू.

मृण्मयी: मग अख्खी साखळीच सपाट पट्टी झाली की!

जुना खडू: छे. अल्फा-कार्बन दोन गटांना सामाईक, आणि त्याच्या दोन्ही अंगांचे बंध एकेरी. बिजागऱ्यांनी जोडलेल्या फळ्या समजा. दर अमिनो आम्लामागे कण्यात तीन बंध. एक जखडला, उरलेल्या दोन बंधांभोवती पिळाचे फाय आणि साय हे दोन कोन उरले. तेही मोकाट नाहीत, अणू एकमेकांवर आदळतात. कोणत्या जोड्या चालतात याचा नकाशा रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी 1963 मध्ये मद्रासहून मांडला. आणि सपाटपणा विसरलं की काय होतं? 1950 मध्ये ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुत्झ यांनी प्रथिनांच्या साखळीसाठी सर्पिलांचे कितीतरी नमुने मांडले, पण पेप्टाइड बंध फिरता धरला आणि वेढ्यात अमिनो आम्लं पूर्णांकातच हवीत असं मानलं. खरा सापडलाच नाही. पुढच्याच वर्षी पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी गट सपाट ठेवून, वेढ्यात सुमारे 3.6 अमिनो आम्लं असलेला अल्फा-सर्पिल काढला.

स्फटिकवाली: मी स्फटिकावरून काढलेल्या प्रथिनाच्या रचनेत एके ठिकाणी ओमेगा, म्हणजे पेप्टाइड बंधाच्याच पिळाचा कोन, 180 ऐवजी 4 अंश आलाय. म्हणजे तिथे सपाटपणा मोडला ना?

जुना खडू: नाही, 0 च्या जवळ म्हणजेही सपाटच, फक्त दोन्ही अल्फा-कार्बन एकाच बाजूला आले, सिस. 90 आला असता तर काळजी. त्या बंधाच्या N कडे प्रोलिन आहे का?

स्फटिकवाली: नाही, सेरिन.

जुना खडू: मग शंका घ्या. प्रोलिनआधी साधारण विसात एखादा बंध सिस सापडतो. इतरत्र हजारात एकही नाही. इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात कार्बोनिलचा फुगवटा नेमका कुठे आहे ते पाहा. विभेदन कमी असेल तर साखळी तिथे चुकीची बसली असण्याचीच शक्यता जास्त.

स्फटिकवाली: 2.9 आँगस्ट्रॉम. बघते.

गोट्या: तरी ‘ताठ’ काय वाईट? फिरत नाही हे त्यातूनच कळतं.

मृण्मयी: मी ‘सपाट गट’ लिहितेय. संपादक मात्र ‘प्रतलीय’वर अडून बसलेत.