पाळणाघराच्या १२ चित्रांवरून लेक घाबरते असं म्हणता येईल का? सल्ला हवा

चिऊची_आई: लेक सव्वादोन वर्षांची. पाळणाघराचं ॲप व्हिडिओ देत नाही, दर १० सेकंदांनी एक चित्र ठेवतं. काल दुपारच्या दोन मिनिटांची १२ चित्रं पाहिली. नऊंत ती भिंतीकडच्या गादीवर, बाकी मुलांकडे पाठ करून. सहाव्यात डोळे मिटलेले, तोंड वासलेलं आणि ताईंचा हात खांद्यापाशी. पाळणाघर बदलू का?

खटपट्या: एवढी लहान मुलं नाटक करत नाहीत. चेहरा रडका तर ती रडतेच आहे. बदला.

मंदार_ठाणे: ॲप कुठलं? आमच्या सोसायटीचा कॅमेराही असाच अडकत चालतो, राउटर बदलून बघा.

वसुधाताई: मंदार, त्यांचं नेट ठीक आहे हो.
खटपट्या, नाटकाचं राहू द्या, एका चित्रात जांभई, शिंक आणि रडण्याची सुरुवात सारखीच दिसते. मी मुलांच्या वागण्याच्या नोंदी व्हिडिओवरून करते, तेव्हा असं चित्र आलं की मागचे-पुढचे दोन-तीन सेकंद पाहिल्याशिवाय काही लिहीत नाही. पापणीची उघडझाप सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात उरकते. सलग तीन चित्रांत डोळे मिटलेले असते तर झोप म्हटली असती. एकात मिटलेत, त्यावरून काहीच नाही. हाताचंही तेच. तो जवळ येतोय की दूर जातोय, थोपटतोय की ओढतोय, हे हालचालीत असतं, आणि हालचाल तर दोन चित्रांच्या मधल्या दहा सेकंदांत गेली.
नऊ चित्रांतली गादी मात्र मी सोडणार नाही. बसण्याची जागा, अंतर, तोंड कुठल्या दिशेला, या गोष्टी सावकाश बदलतात, त्या १० सेकंदांच्या चाळणीतून गळत नाहीत. त्या दोन मिनिटांत ती बहुतेक वेळ एकटी होती, इतकं धरून चाला. का होती, ते चित्र सांगत नाही.

चिऊची_आई: सातव्या चित्रात ती वाटीतून काहीतरी खातेय. म्हणजे रडली नसावी ना?

वसुधाताई: तेही नाही म्हणता येत. या वयात १० सेकंदांत रडू थांबून खाऊ सुरू होतो.

पिंपळपान: आमचा मुलगा पाळणाघरात तासन्तास पाठमोरा बसायचा. गाड्या लावायचा भिंतीला! घरीही तसाच.

वसुधाताई: म्हणूनच घरी ती कशी खेळते ते आधी आठवा. मग त्याच वेळेची आणखी चार-पाच दिवसांची चित्रं लावून बघा, गादी रोज तीच आहे का. पाळणाघराकडे अर्ध्या मिनिटाचा सलग, आवाजासकट तुकडा मागा. आणि एक विचारा, चित्रं ठरल्या वेळाने घेतात की हालचाल झाली की? काही कॅमेरे हालचालीवर चालतात, मग शांत बसलेला वेळ चित्रांत येतच नाही.

खटपट्या: आणि तुकडा नाही दिला तर?

चिऊची_आई: उद्या न कळवता दुपारी जाते. तुकडाही मागते.